सहा दुकल्यांचा हिशेब: ओमाहा पोकरमध्ये सुरुवातीची पाने कशी निवडावीत

ओमाहा पोकरमध्ये प्रत्येक खेळाडूला चार पाने मिळतात आणि ती फक्त त्यानेच पाहायची असतात. त्यानंतर मेजावर सगळ्यांसाठी मिळून पाच पाने उघडली जातात. आधी तीन एकदम येतात, त्याला फ्लॉप म्हणतात. मग चौथे पान म्हणजे टर्न आणि शेवटी पाचवे म्हणजे रिव्हर. पाने वाटून झाल्यावर आणि मग प्रत्येक टप्प्यावर पैजा लागतात. शेवटी हातातली दोन आणि मेजावरची तीन पाने घेऊन पाच पानांचा संच बनवायचा आणि ज्याचा संच सर्वांत मोठा त्याने पॉट उचलायचा. यातले दोन म्हणजे दोनच. एक चालत नाही, तीन चालत नाहीत, आणि मेजावरची पाचही पाने जशीच्या तशी आपली म्हणून दाखवताही येत नाहीत.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट टर्नर या खेळाडूने हा प्रकार लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कसिनोतल्या बिल बॉइड यांना दाखवला आणि तिथून तो पसरला. आज तो बहुतेक ठिकाणी पॉट-लिमिट पद्धतीने खेळतात, म्हणजे एका वेळी पॉटमध्ये असलेल्या रकमेपेक्षा जास्त वाढ करता येत नाही. पुढचे विवेचन याच प्रकाराचे आहे. ज्यात निम्मा पॉट सर्वांत लहान संचाला जातो त्या हाय-लो ओमाहाचा हिशेब वेगळा असतो.

संचांची उतरंड नेहमीच्या पोकरचीच आहे. लागोपाठची पाच पाने म्हणजे स्ट्रेट. एकाच रंगाची, म्हणजे सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम अशी पाच पाने म्हणजे फ्लश. तीन सारखी आणि दोन सारखी मिळून फुल हाउस होते. तीन पत्ती खेळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिथे सीक्वेन्स कलरपेक्षा वरचढ असतो, इथे फ्लश स्ट्रेटपेक्षा मोठा आहे, आणि फुल हाउस या दोन्हींपेक्षा मोठे.

'नेमकी दोन' हा नियम वाचायला सोपा आहे, पण दोन पानांच्या होल्डेमची सवय असलेले खेळाडू तिथेच सर्वाधिक वेळा चुकतात. मेजावर चार बदाम उघडले आहेत आणि हातात बदामाचा एक्का आहे, पण दुसरा बदाम नाही. होल्डेममध्ये हा फ्लश झाला असता. ओमाहात तो होत नाही, कारण हातातून एकच बदाम निघतो आणि मेजावरून तीनच घेता येतात, एकूण चार. मेजावर तीन राजे आणि दोन सत्त्या पडल्या, तर होल्डेममध्ये सगळ्यांकडेच निदान फुल हाउस असते. ओमाहात हातात एकही जोडी नसेल, राजा नसेल, सत्तीही नसेल, तर तीन राजे आणि हातातली दोन मोठी पाने एवढाच संच हाती लागतो. हातात चारही एक्के आले तरी त्यातले दोनच कामाचे. वर पत्त्यांच्या जोडात पाचवा एक्का नाही, म्हणून ती जोडी कधी तिप्पट होऊ शकत नाही. दिसायला इतका भव्य हात प्रत्यक्षात एक्क्यांची एकटी जोडी असतो.

पाने निवडण्याचा सगळा विचार या नियमातून निघतो. चार पानांतून दोन-दोन पाने निवडली तर सहा वेगवेगळ्या निवडी होतात. सोयीसाठी प्रत्येक निवडीला इथे दुकली म्हटले आहे, आणि जोडी हा शब्द फक्त सारख्या किमतीच्या दोन पानांसाठी राखून ठेवला आहे. ओमाहाचा हात म्हणजे एकाच वेळी हातात असलेल्या सहा दुकल्या. त्या सहांपैकी किती खरोखर काम करतात, हे पाहणे म्हणजेच सुरुवातीची पाने पारखणे.

एक हात घेऊन हे मोजून पाहता येते. इस्पिकचा एक्का, बदामाचा राजा, चौकटची अठ्ठी आणि किलवरची तिर्री अशी पाने आली. होल्डेम खेळणाऱ्याची नजर लगेच एक्का-राजावर जाते. आता दुकल्या पाहा. एक्का-राजा चांगली आहे. राणी, गुलाम, दश्शी मेजावर आली तर सर्वांत मोठी स्ट्रेट होते. एक्का-तिर्री फक्त दुर्री, चौकी, पंजी आली तर स्ट्रेट करते, आणि तीही सर्वांत लहान. एक्का-अठ्ठी, राजा-अठ्ठी, राजा-तिर्री आणि अठ्ठी-तिर्री या चार दुकल्या कोणत्याही स्ट्रेटमध्ये एकत्र बसूच शकत नाहीत, कारण त्यांच्यातले अंतर पाच पानांच्या पलीकडचे आहे. चारही पाने चार रंगांची असल्याने फ्लश एकाही दुकलीतून होत नाही. सहापैकी धड एकच दुकली उपयोगाची. बाकीचे खेळाडू सहा दुकल्या घेऊन बसलेले असताना हा खेळाडू एका दुकलीवर पैसे लावत असतो.

याच्या शेजारी गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी ठेवा. गुलाम आणि नव्वी इस्पिकचे, दश्शी आणि अठ्ठी बदामाची. गुलाम-दश्शीपासून गुलाम-अठ्ठीपर्यंत सहाही दुकल्या स्ट्रेट करू शकतात. दोन दुकल्यांतून फ्लश होऊ शकतो. यात एक्का नाही, राजा नाही, जोडीही नाही. तरी पहिल्या हातापेक्षा हा कितीतरी जास्त मोलाचा. चारही पाने एकमेकांना धरून असली पाहिजेत, हा ओमाहातला निवडीचा पहिला निकष.

ज्या हातात तीन पाने एकमेकांना धरून असतात आणि चौथे बाजूला लोंबकळते, त्यात नुकसान वाटते त्यापेक्षा मोठे असते. राजा, राणी, गुलाम आणि चौकी असा हात घेतला तर पाऊण हात चांगला आहे असे वाटते. पण दुकल्या मोजल्या की चौकीला चिकटलेल्या तीन वाया जातात आणि उरतात फक्त तीन. एक पान निकामी झाले की निम्मा हात गेला. लोंबकळणारे पान दुसऱ्या एखाद्या पानाच्या रंगाचे असेल तर थोडी भरपाई होते, पण थोडीच.

आता दुसरा निकष. नऊजणांच्या होल्डेममध्ये मेजाभोवती नऊ दुकल्या असतात. नऊजणांच्या ओमाहात 36 पाने वाटली जातात आणि दुकल्या होतात 54. त्यामुळे मेजावर जे शक्य आहे ते कोणाकडे तरी असण्याची शक्यता फार वाढते. मेजावरच्या पानांतून त्या क्षणी जो सर्वांत मोठा संच बनू शकतो त्याला पोकरमध्ये नट्स म्हणतात. होल्डेममध्ये मोठी जोडी किंवा दोन जोड्यांवर पुष्कळ पॉट जिंकता येतात. ओमाहात मोठा पॉट जिंकणारा संच बहुधा नट्स किंवा त्याच्या अगदी जवळचा असतो. म्हणून पाने किती वेळा काहीतरी बनवतात हा प्रश्न पुरा पडत नाही. ती किती वेळा सर्वांत मोठे बनवतात हे विचारावे लागते.

हा फरक एका फ्लॉपवर स्पष्ट दिसतो. मेजावर अठ्ठी, सत्ती आणि दुर्री आली, तिन्ही वेगळ्या रंगांची. एका खेळाडूकडे राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आहे. टर्नवर गुलाम, दश्शी किंवा नव्वी आली तर त्याची स्ट्रेट होते. ही पाने त्याच्या हातातही एकेक असल्याने प्रत्येकी तीन शिल्लक आहेत. छक्की आली तरी होते आणि छक्क्या चारही बाहेर आहेत. एकूण 13 पाने. दुसऱ्या खेळाडूकडे छक्की, पंजी, चौकी, तिर्री आहे. त्याला छक्की, पंजी किंवा चौकी यांतली प्रत्येकी तीन आणि नव्व्या चार, म्हणजे त्यालाही 13 पाने चालतात. आकडा तोच.

पण कोणाची स्ट्रेट कितवी ते पाहा. पहिल्या खेळाडूला लागणाऱ्या 13 पैकी प्रत्येक पानावर त्याची स्ट्रेट नट्स असते. गुलाम आला तर मेजावर गुलाम, अठ्ठी, सत्ती. त्यावर दश्शी-नव्वीपेक्षा मोठे कोणाकडेही असू शकत नाही. नव्वी आली तर गुलाम-दश्शी सर्वांत मोठी, छक्की आली तर दश्शी-नव्वी. दुसऱ्या खेळाडूला नव्वी लागली तर त्याची स्ट्रेट पंजीपासून नव्वीपर्यंत जाते, आणि गुलाम-दश्शी धरून बसलेला खेळाडू तिला हरवतो. छक्की लागली तर दश्शी-नव्वी हरवते. पंजी लागली तर नव्वी-छक्कीची स्ट्रेट वरचढ. फक्त चौकी आली तरच त्याची स्ट्रेट नट्स, आणि अशी पाने तीनच. म्हणजे एकाची 13 पैकी 13, दुसऱ्याची 13 पैकी 3. उरलेल्या दहा पानांवर दुसऱ्या खेळाडूला हातात काहीतरी आल्याचा आनंद होतो आणि त्याच आनंदात तो मोठ्या स्ट्रेटला पैसे देतो. लागोपाठची पाने चांगली, पण तिर्री-चौकीपासून सुरू होणारी लागोपाठची पाने घेऊ नयेत, त्याचे कारण हे. मेजावरच्या पानांच्या वरच्या टोकाला जोडणारी पाने हवीत, खालच्या टोकाला जोडणारी नकोत.

पानांमध्ये एखादी फट असेल तर तीही कुठे आहे ते याच न्यायाने पाहायचे. गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती यात फट तळाशी आहे आणि वरची तीन पाने सलग आहेत. हा हात सलग चार पानांच्या जवळपास पोहोचतो. गुलाम, नव्वी, अठ्ठी, सत्ती यात फट वरच्या टोकाला आहे, त्यामुळे त्याच्या स्ट्रेटी जास्त वेळा खालच्या ठरतात.

चार पाने एकत्र काम करू लागली की स्ट्रेटच्या शक्यता होल्डेमच्या मानाने फार मोठ्या होतात. होल्डेममध्ये दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटला आठ पाने चालतात. ओमाहात वरच्याच फ्लॉपवर, म्हणजे अठ्ठी, सत्ती, दुर्रीवर, दश्शी, नव्वी, छक्की, पंजी असा हात असेल तर 20 पाने चालतात. न पाहिलेल्या 45 पानांतली 20. टर्न आणि रिव्हर मिळून त्यातले एखादे येण्याची शक्यता सुमारे 70% भरते. फ्लॉपवर बनलेला संच तिथे अजून न बनलेल्या संचापेक्षा मागे असू शकतो, हे होल्डेमच्या सवयीला पचायला जड जाते.

तिसरा निकष रंगांचा. हातात एका रंगाची दोन पाने असतील तर रिव्हरपर्यंत त्या रंगाचा फ्लश होण्याची शक्यता सुमारे 7.2% असते. दोन पाने एका रंगाची आणि दोन दुसऱ्या रंगाची, म्हणजे ज्याला डबल सूटेड म्हणतात तसा हात असेल, तर ती दुप्पट होऊन 14.3% होते. आणि चारही पाने एकाच रंगाची असतील तर? पाहताक्षणी हा हात सर्वांत रंगेल वाटतो. प्रत्यक्षात वापरता येतात दोनच, आणि उरलेल्या दोन पानांनी आपल्याच रंगाची दोन पाने अडवून ठेवलेली असतात. जोडात त्या रंगाची 13 पैकी 9च शिल्लक राहतात आणि शक्यता 3.9%वर घसरते, म्हणजे दोन पानांच्या हातापेक्षा जवळजवळ निम्मी. तीन पाने एका रंगाची असतील तर ती 5.4% भरते. रंग दोन-दोन असे विभागलेले असणे हेच सर्वांत चांगले.

7% किंवा 14% हे आकडे लहान वाटतील. रंगांचा खरा उपयोग फ्लॉपवर होतो. डबल सूटेड हाताला दर चार फ्लॉपांपैकी साधारण एकावर फ्लश किंवा फ्लशची वाट मिळते. एकाच रंगाची दुकली असलेल्या हाताला ती आठातून एकदा मिळते. ही वाट स्ट्रेटच्या वाटेसोबत किंवा आधीच बनलेल्या तिप्पट पानांसोबत आली की मोठ्या पैजेला उत्तर देता येते. दोन्ही खेळाडूंकडे तीच स्ट्रेट आहे, पण एकाकडे वर फ्लशची वाटही आहे, असे ओमाहात वारंवार घडते. तिथे एकजण निम्मा पॉट वाचवण्यासाठी खेळत असतो आणि दुसरा पूर्ण पॉट जिंकण्याच्या आशेने.

रंगातही मोठेपणाचा हिशेब चुकत नाही. एक्का ज्या रंगाचा त्याच रंगाचे आणखी एक पान हातात असेल तर होणारा फ्लश बहुधा नट्स असतो. राणी किंवा गुलामाच्या रंगाचा फ्लश झाला आणि समोरून पॉटभर पैज आली, तर एक्का किंवा राजाचा फ्लश समोर असण्याची भीती खरी असते. अठ्ठी-छक्कीचा रंग मोठा पॉट जिंकण्यासाठी धरायचा नसतो. स्ट्रेटची वाट असताना जोडीला आधार म्हणून त्याचा उपयोग होतो, एवढीच त्याची किंमत.

जोड्यांचा विचार यानंतर येतो. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर तिचे तिसरे पान येऊन तिप्पट, म्हणजे सेट, होण्याची शक्यता सुमारे 12% आहे, साधारण आठातून एकदा. मोठ्या जोड्यांचा सेट चांगला. पंजीच्या जोडीचा सेट मात्र संकटात टाकतो, कारण फ्लॉपवर पंजीसोबत राणी किंवा गुलाम असेल तर समोर राण्यांचा किंवा गुलामांचा सेट असू शकतो, आणि अशा वेळी लहान सेटकडे वाचण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरतो: शेवटची पंजी. शिवाय 54 दुकल्यांच्या मेजावर मोठा सेट समोर असणे होल्डेमइतके दुर्मीळ नसते. दुर्री ते छक्कीच्या जोड्या सोबतीला चांगली पाने नसताना टाकून देण्यासारख्याच. हातात एकाच किमतीची तीन पाने आली तर स्थिती आणखी वाईट. तीन राजे हातात असतील तर चौथा एकच बाहेर राहतो आणि फ्लॉपवर सेट होण्याची शक्यता 6.25%वर येते. शिवाय तिसरा राजा दुकल्यांमध्ये जवळजवळ निकामी असतो.

एक्क्यांच्या जोडीला स्वतंत्र जागा द्यावी लागते, कारण ओमाहातला सर्वाधिक पैसा तिच्यावर चुकीच्या पद्धतीने लावला जातो. होल्डेममध्ये दोन एक्के 221 डावांतून एकदा येतात; ओमाहात दोन एक्के असलेला हात साधारण 40 डावांतून एकदा मिळतो. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे 85% वेळा जिंकते. ओमाहात एक्के, एक सत्ती, एक दुर्री आणि चार वेगळे रंग असा कोरडा हात, दोन रंगांच्या गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठीसमोर जवळजवळ समसमान पारड्यावर असतो. एक्के तेच, पण त्या हाताच्या सहा दुकल्यांपैकी कामाची एकच. उलट इस्पिकचा एक्का आणि गुलाम, बदामाचा एक्का आणि दश्शी असा हात घ्या. एक्क्यांची जोडी आहे, दोन्ही रंगांत नट्स फ्लश होऊ शकतो आणि गुलाम-दश्शी मोठ्या स्ट्रेट करते. हा हात आणि दोन रंगांतले एक्का-एक्का-राजा-राजा हे ओमाहातले सर्वोत्तम दोन हात मानले जातात.

कोरडे एक्के टाकायचे नसतात, पण त्यांच्यावर पैसे कधी लावायचे हे पॉटच्या हिशेबावरून ठरते. समजा ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी ठेवायची सक्तीची रक्कम, 1 आणि 2 चिपा आहे आणि प्रत्येकाकडे 200 चिपा आहेत. पॉट-लिमिटमध्ये पहिला खेळाडू जास्तीत जास्त 7 पर्यंत नेऊ शकतो: 2 ची बरोबरी, त्यामुळे पॉट 5, आणि तेवढीच वाढ. त्यावर कोरडे एक्के धरलेल्या खेळाडूने 24 पर्यंत वाढवले, जी तिथली मर्यादा आहे, आणि पहिल्याने बरोबरी केली. पॉट 51 झाला आणि दोघांकडे प्रत्येकी 176 उरले. आता फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, छक्की पडली, त्यातली दोन एकाच रंगाची. एक्केवाल्याकडे एक जोडी आहे, समोरच्याला त्याच्याकडे एक्के असल्याचा अंदाज आहे, आणि पॉटच्या तिपटीहून जास्त पैसे अजून लावायचे बाकी आहेत. पुढची प्रत्येक पैज एक्केवाल्याला अंधारात खेळावी लागते, समोरच्याला नाही.

हाच हात दुसऱ्या क्रमाने आला तर चित्र बदलते. एक्केवाल्याने आधी 7 केले, समोरच्याने 24 केले, तर एक्केवाला 75 पर्यंत नेऊ शकतो. समोरच्याने बरोबरी केली तर पॉट 153 आणि प्रत्येकाकडे 125 उरतात, म्हणजे एका पैजेपुरतेच. फ्लॉप कसाही येवो, उरलेले पैसे लावून टाकता येतात आणि चुकीला जागा राहत नाही. एक तृतीयांशाहून जास्त चिपा फ्लॉपच्या आधी जाणार असतील तर कोरड्या एक्क्यांनीही पूर्ण जोर लावावा. तेवढ्या जाणार नसतील तर बरोबरी करून फ्लॉप पाहावा आणि तिसरा एक्का आला नाही तर हात सोडावा. रंगांचे आणि जोडलेले एक्के या दोन्ही वेळी जोराने खेळता येतात, कारण फ्लॉपवर त्यांच्यापाशी जोडीखेरीज आणखी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते.

फ्लॉपच्या आधी ओमाहातले दोन चांगले हात एकमेकांपासून फार दूर नसतात. साठ-चाळीसचा फरक म्हणजे भरघोस आघाडी. याचा अर्थ कोणताही हात खेळावा असा अनेकजण लावतात, आणि तो चुकीचा आहे. पाचही पाने पैज न लावता उघडली तर फरक थोडा दिसतो हे खरे. पण प्रत्यक्षात पैजा टप्प्याटप्प्याने वाढतात आणि सर्वांत मोठी रक्कम शेवटी जाते. नट्सच्या दिशेने जाणारा हात ती रक्कम निर्धास्तपणे लावतो किंवा घेतो; दुय्यम संच करणारा हात तिथे एकतर पाने टाकतो किंवा हरतो. पाने निवडताना वाचवलेला किंवा गमावलेला पैसा मुख्यतः रिव्हरवर दिसतो.

बसण्याची जागा हाताची किंमत बदलते. जो खेळाडू प्रत्येक टप्प्यावर सर्वांत शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांनी काय केले हे माहीत असते, त्यामुळे फट असलेली किंवा मध्यम रंगाची पाने तो फायद्यात खेळू शकतो. तीच पाने पहिल्या जागेवरून महाग पडतात. मेजावर सहापेक्षा जास्त खेळाडू असतील तर पहिल्या जागांवरून नवख्याने फक्त चार प्रकारचे हात घ्यावेत: रंगांचे किंवा जोडलेले एक्के, दश्शीपासून वरची चार पाने, शक्यतो दोन रंगांत, सत्तीपासून वरची सलग चार पाने दोन रंगांत, आणि राजा किंवा राणीची जोडी, सोबतची पाने तिला धरून असतील तरच. पॉटमध्ये तीन-चारजण येत असतील तर यातही नट्स करणाऱ्या पानांना आणखी झुकते माप द्यावे, कारण दुय्यम फ्लशला हरवणारे कोणीतरी त्यांच्यात निघतेच.

निवड चुकते आहे का, हे हरलेल्या मोठ्या पॉटांवरून कळते. ते वारंवार दुसऱ्या क्रमांकाच्या फ्लशवर, खालच्या टोकाच्या स्ट्रेटवर किंवा लहान सेटवर गेले असतील, तर ते नशीब नाही; ती पाने सुरुवातीलाच तशी होती. फ्लॉपमागून फ्लॉप एखादी जोडी आणि पुढे काही नाही अशी स्थिती येत असेल, तर लोंबकळणाऱ्या पानांचे हात जास्त घेतले जात आहेत. दोन्ही वेळा उपाय एकच आहे. पाने उचलल्यावर सहा दुकल्या एकेक करून मोजाव्यात, आणि चारपेक्षा कमी कामाच्या निघाल्या तर हात टाकावा. कोरड्या एक्क्यांचा अपवाद वर सांगितलाच आहे.

अलीकडे पाच पानांचा ओमाहाही बराच खेळला जातो. त्यातही हातातली दोनच पाने वापरायची असतात, पण दुकल्या सहाऐवजी दहा होतात आणि मेजाभोवतीचे सगळे हात तेवढेच बळकट होतात. चार पानांच्या खेळात घेण्याजोगा असलेला मध्यम हात तिथे टाकून द्यावा लागतो.